तुटका मावळा आणि २०० शब्द

अंबडच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. शाळेचा वार्षिक अंकही बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडेच आहे. अंक निघतो २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला. नाशिकातल्या शाळेला ही तारीख चुकवून चालत नाही. साहित्य मागवतो दिवाळीची सुट्टी संपल्यावर. सूचनाफलकावर दर वर्षी तीच ओळ असते : कथा २०० शब्दांच्या आत, एक शब्दही जास्त चालणार नाही.

ही अट साहित्यातून आलेली नाही, छापखान्यातून आलेली आहे. अंक ४८ पानांचा, म्हणजे १६ पानांचे तीन फर्मे. मधोमध पिना मारून बांधायचा असल्यामुळे एखादंच पान वाढवता येत नाही, वाढवली तर चार वाढवावी लागतात, आणि चार पानांचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न मुख्याध्यापकांसमोर न्यायची कुणाची इच्छा नसते. त्यामुळे एका कथेला एक पान. त्यात शीर्षक, मुलाचं नाव, इयत्ता-तुकडी आणि वर्गातल्याच कुणीतरी काढलेलं छोटं चित्र. उरलेल्या जागेत पाचवीच्या मुलाला सहज वाचता येईल अशा अक्षरात साधारण २०० शब्द मावतात. अक्षर बारीक करून २५० बसवता येतात, ते एकदा करून बघितलं. मुलांनी ती पानं नुसती उलटली.

मुलांना सुरुवातीला २०० शब्द भरपूर वाटतात. दहावीच्या कृतिपत्रिकेत कथालेखन ८० ते ९० शब्दांचं असतं, तिथं मुद्दे दिलेले असतात, ते जोडून शेवटी तात्पर्य लिहिलं की झालं. स्वतःची गोष्ट लिहायला बसलं की मात्र हात थांबत नाही. आमच्याकडची बरीच मुलं कामटवाडे, दत्तनगर, चुंचाळे या भागातली. कुणाचं घर मूळचं खानदेशातलं, कुणाचं मराठवाड्यातलं, काही थेट उत्तर प्रदेश-बिहारमधली आणि मराठी शाळेत शिकणारी. घरात सांगण्यासारखं खूप असतं. पाचशे-सहाशे शब्दांच्या गोष्टी येतात आणि मग त्या लहान करायचं काम सुरू होतं.

या कामाबद्दल मला जे थोडंफार कळलं, ते एका गोष्टीवरून सांगते. ती सातवीतल्या एका मुलानं लिहिली होती. मोजली तेव्हा ५४० शब्द भरले.

गोष्ट अशी होती. सुरुवातीला दिवाळीचा फराळ, चकल्या मोडल्या म्हणून आईची चिडचिड. मग किल्ल्यासाठी नाल्याकडून माती आणणं, पोतं, विटा, राजगड करायचा की प्रतापगड यावरून गल्लीतल्या मुलांशी झालेलं भांडण. त्यानंतर गोष्ट मागं जाते : श्रावणात वडिलांच्या उजव्या हाताची तीन बोटं प्रेस मशीनमध्ये गेली. दवाखाना, डॉक्टरांचं बोलणं, कंपनीतले सुपरवायझर सफरचंदं घेऊन आले तो प्रसंग. आई रात्री मामाला फोन करते. पुन्हा दिवाळी. माळ्यावरून मावळ्यांचं खोकं निघतं, त्यात एकाचा हात तुटलेला. बहीण म्हणते टाकून दे. मुलगा टाकतो, रात्री परत काढतो आणि दुसऱ्या दिवशी महादरवाजात उभा करतो. वडील विचारतात, मुलगा म्हणतो, "याला पण काम दिलंय." मग वडील रडतात, आई रडते, सगळे रडतात. त्याखाली अधोरेखित केलेलं तात्पर्य : अपंगांना कमी लेखू नये.

शेवट चांगला होता हे पहिल्या वाचनातच कळलं. तो मुलाच्या हाती कसा लागला असेल ते मी विचारलं नाही. गोष्ट घरची आहे की रचलेली, हेही मी सहसा विचारत नाही. घरची असेल असं वाटलं तर छापण्याआधी ती घरी वाचून दाखवायला सांगते आणि कंपनीचं नाव असेल तर काढायला लावते, तेवढंच.

संपादक मंडळात नववीतल्या तिघी-चौघी असतात. त्यातल्या एकीनं पहिली काटछाट केली आणि प्रामाणिकपणे केली. सगळीच मुलं जशी करतात तशी : प्रत्येक परिच्छेदातून थोडं थोडं. "खूप", "अतिशय", "त्यानंतर मग", "अचानक" हे शब्द गेले. "ते त्या ठिकाणी बसलेले होते" याचं "ते तिथं बसले" झालं. "घरा मध्ये", "किल्ल्या वर" असं तोडून लिहिलेलं तिनं नियमाप्रमाणे जोडलं, तेवढेही शब्द वाचले. या सगळ्यातून ५४० चे ४७० झाले. इथं एक सांगून ठेवायला हवं, कारण त्यावर वेळ फार जातो : शब्द वेचून गोष्ट एवढीच कमी होते. लिहिणारा फारच पाल्हाळिक असेल तर थोडी आणखी. निम्म्यावर आणायची असेल तर शब्दांना हात लावून भागत नाही, प्रसंग जावे लागतात.

हे तिच्याही लक्षात आलं. मग तिनं प्रत्येक प्रसंगाचं एकेक वाक्य केलं. फराळ एका वाक्यात, माती एका वाक्यात, भांडण, दवाखाना, सुपरवायझर, प्रत्येकाला एक वाक्य. फोन तेवढा वगळला, कारण त्या फोननं पुढं काही घडत नव्हतं. बेरीज बरोबर २०० आली. ती खूश होती.

माझी एक पद्धत आहे. मूळ गोष्ट न वाचलेलं एखादं मूल दुसऱ्या तुकडीतून बोलवायचं, लहान केलेली गोष्ट त्याला एकदाच वाचून दाखवायची आणि विचारायचं, काय झालं सांग. चांगली वाटली का, असं विचारायचं नाही. मुलं शिक्षकांना नेहमी हो म्हणतात. त्या दिवशी आलेल्या मुलानं सांगितलं, "त्यांनी किल्ला केला, बाबांना लागलं होतं, आणि तुटलेला मावळा दरवाजात ठेवला." आणि थोडं थांबून, "मग?"

"मग?" आलं की समजावं, शेवट पोचलेला नाही. शेवटची वाक्यं जागेवर होती, मुलानं ऐकलीही होती. ती ज्यावर टेकलेली होती ते मात्र निघून गेलं होतं.

म्हणून आता मी कापायला शेवटापासून सुरुवात करते. शेवटचा परिच्छेद वेगळ्या कागदावर लिहून घ्यायचा. त्यातला कुठला शब्द वाचकानं आधी ऐकलेला असायला हवा, ते बघायचं आणि त्याच्याखाली रेघ मारायची. इथं तीन रेघा आल्या : तुटलेला हात, महादरवाजा आणि काम. मग मूळ गोष्टीत मागं जाऊन हे तिन्ही पहिल्यांदा कुठं आले ते शोधायचं. ती वाक्यं म्हणजे शेवटाचे टेकू. त्यांच्याभोवती चौकट काढायची आणि सांगायचं, बाकी गोष्टीतलं काहीही गेलं तरी चालेल, यांना हात लावायचा नाही. तुटका हात खोक्याच्या प्रसंगात होता. महादरवाजा आयत्या वेळी उगवत होता, त्याला आधी रिकामा ठेवायला हवं होतं. आणि काम? काम फक्त त्या वगळलेल्या फोनमध्ये होतं.

मी मुलाला विचारलं, "आई मामाला फोनवर नेमकं काय म्हणायची?"

त्यानं वहीत लिहिलं होतं, "आई बाबांच्या नोकरीविषयी काळजी व्यक्त करायची." हे शाळेतलं वाक्य. तोंडानं त्यानं वेगळं सांगितलं. म्हणाला, "ती विचारायची, परत कामावर घेतील ना?"

मी काहीच बोलले नाही. त्यानं वहीतल्या शेवटच्या संवादाकडे पाहिलं, "याला पण काम दिलंय" यावर काट मारली आणि वर लिहिलं, "परत कामावर घेतलंय."

तिथं ती गोष्ट झाली. उरलेलं सगळं काम त्या दोन वाक्यांना जागा करून द्यायचं होतं. आमच्याकडे एक नियम पाळतो, संपादकांनी आणि मीही : वाक्य आपण लिहायचं नाही. खोडायचं आणि विचारायचं, लिहील तो मुलगा. त्याचा फायदा असा वेळोवेळी दिसतो. त्या जागी मी काही सुचवलं असतं तर ते बहुधा "नोकरीवर रुजू" वगैरे झालं असतं.

मग प्रसंग निघाले. फराळ गेला, त्याबद्दल त्याला काही वाटलं नाही. भांडण गेलं, थोडं वाटलं. सफरचंदं घेऊन आलेल्या सुपरवायझरवर मात्र तो अडून बसला.

"पण मॅडम, ते खरंच आले होते."

हा वाद मला दर वर्षी कुणाशी तरी घालावा लागतो. खरं घडलेलं मूल सहजासहजी सोडत नाही, आणि ते बरोबरच आहे. मी त्याला म्हटलं, आले होते हे खरं, पण तुझ्या शेवटाला त्यांची गरज लागते का ते सांग. तो म्हणाला, ते आले म्हणून आईला वाटलं की कामावर घेतील. मग म्हटलं, आईला वाटलं ते फोनमध्ये आलंय ना. त्यानं बराच वेळ विचार केला आणि खोडलं. पूर्ण पटलं असेल असं नाही. सुपरवायझर राहिले असते तर गोष्ट वेगळी झाली असती, कदाचित जास्त कडू. पण मग तिला ४०० शब्द लागले असते.

डॉक्टर गेले. गल्लीतली मुलं गेली, त्यांचं बोलणं बहिणीच्या तोंडी आलं. छोट्या गोष्टीत माणूस आला की त्याची ओळख करून द्यायला दहा-बारा शब्द जातात, म्हणून चार माणसं गोष्टीला पेलतात, सहा पेलत नाहीत. एक वाक्य मी खोडलं होतं ते त्यानं हट्टानं परत आणलं : गेल्या वर्षी वडिलांनी सलाइनच्या नळीचं कारंजं केलं होतं. मला ते सजावट वाटलं होतं. परत वाचलं तेव्हा दिसलं की वडिलांचे हात धड असताना काय करायचे हे सांगणारं गोष्टीत तेवढं एकच वाक्य आहे. ते राहिलं.

शेवटी अंकात छापली ती अशी.

"दिवाळीच्या सुट्टीत आम्ही किल्ला केला. बाबांनी या वर्षी मदत केली नाही. गेल्या वर्षी त्यांनी सलाइनच्या नळीचं कारंजं केलं होतं. ते आतल्या खोलीत पडून असायचे. श्रावणात प्रेस मशीनमध्ये त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

आई रोज रात्री मामाशी फोनवर बोलायची. 'परत कामावर घेतील ना?' एवढंच मला ऐकू यायचं.

ताईनं माळ्यावरून मावळ्यांचं खोकं काढलं. कागदात गुंडाळलेले मावळे आम्ही ओळीनं मांडले. एकाचा तलवारीचा हात खांद्यापासून तुटला होता.

'हा टाकून दे,' ताई म्हणाली. 'याच्याऐवजी नवा आणू.'

मी तो कचऱ्याच्या टोपलीत टाकला. तेवढ्यात बाबा पाणी प्यायला बाहेर आले. त्यांनी टोपलीकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. डाव्या हातानं ग्लास धरून पाणी प्यायले आणि आत गेले.

रात्री मला झोप येईना. उठून मी टोपलीतून मावळा काढला, पुसला आणि उशीखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर मोहरी उगवली होती. ताईनं तोफा लावल्या, मी मावळे. बुरुजावर दोन, तटावर चार, तळ्याकाठी एक. महादरवाजा रिकामा राहिला.

'तिथं कोण?' ताईनं विचारलं. मी खिशातला मावळा तिथं उभा केला.

संध्याकाळी पणत्या लावल्या. शेजारचे सगळे किल्ला बघायला आले. सगळ्यात शेवटी बाबा आले. ते बराच वेळ महादरवाजापाशी उकिडवे बसून राहिले.

'हा कालचाच ना? टोपलीतला?' त्यांनी विचारलं.

'हो.'

'याला एक हात नाही. हा दरवाजा कसा राखणार?'

मी म्हटलं, 'दुसरा आहे ना. मी त्याला परत कामावर घेतलंय.'"

हे १८५ शब्द झाले. यात कुठं जास्त शब्द खर्च झालेत ते बघण्यासारखं आहे. वडील पाणी प्यायला येतात आणि जातात, त्यात काहीच घडत नाही, तरी त्याला वीसेक शब्द दिलेत. ही जागा मूळ गोष्टीत नव्हती. वडिलांनी टोपलीतला मावळा पाहिलेला असल्याशिवाय शेवटी "हा कालचाच ना?" असं ते विचारू शकत नाहीत, आणि त्यांनी विचारलं नाही तर मुलाला उत्तर द्यायला मिळत नाही. म्हणजे ५४० शब्दांत नसलेला प्रसंग १८५ शब्दांत नव्यानं घालावा लागला. लहान करणं म्हणजे फक्त काढणं, असं समजणाऱ्या मुलांना हे आधी फसवल्यासारखं वाटतं.

वडिलांपासून सुरू होणारा शेवटही तसाच. पस्तीसच्या आसपास शब्द, म्हणजे गोष्टीचा जवळजवळ पाचवा भाग. मूळ गोष्टीत याच जागेला, रडारड धरूनही, इतकं माप मिळालं नव्हतं. बाकीची गोष्ट आवळायची आणि शेवटाला मात्र श्वास घेऊ द्यायचा. शब्द संपत आले म्हणून शेवट एका वाक्यात उरकलेल्या गोष्टी दर वर्षी येतात, त्या ओळखू येतात : शेवटच्या वाक्यात एकाएकी "आणि अशा प्रकारे" येतं.

रडणं आणि तात्पर्य कापताना त्यानं फारशी कुरकुर केली नाही, नववीतल्या संपादिकेनं केली. तात्पर्य नाही तर परीक्षेत गुण जातात, असं तिचं म्हणणं. परीक्षेपुरतं ते खरं असेल. पण या गोष्टीखाली "अपंगांना कमी लेखू नये" हे लिहिलं की गोष्ट त्या वडिलांची राहत नाही, आणि वडील ती अंकात वाचणार होते. तिला एवढं सांगितल्यावर तिनं स्वतःच ती ओळ काढली.

१५ शब्द शिल्लक होते. मुलानं विचारलं, "आता बाबा हसले असं लिहू का?" मी म्हटलं, हसले होते का? म्हणाला, नाही. मग नाही लिहिलं. त्या जागेत चित्र थोडं मोठं आलं.

दुसऱ्या तुकडीतल्या त्याच मुलाला पुन्हा बोलावून उपयोग नव्हता, त्याला गोष्ट माहीत झाली होती. म्हणून एका मुलीला वाचून दाखवली. काय झालं सांग म्हटल्यावर ती म्हणाली, "त्याच्या बाबांना कंपनीत परत घेतलं की नाही?" मंडळातल्या मुलींना वाटलं की काहीतरी चुकलं, पुन्हा प्रश्नच आला. पण हा "मग?" नव्हता. मावळ्यावरून ती वडिलांपर्यंत पोचली होती, तिथं पोचायचा रस्ता गोष्टीत कुणीही सांगितलेला नसताना. हे दोन प्रश्न वेगळे ओळखायला मुलींना त्यानंतर आणखी एखादा अंक लागला.

सगळ्याच गोष्टी अशा २०० शब्दांत येत नाहीत, आणि त्या आणायचा हट्ट मी आता करत नाही. ज्या गोष्टीचा शेवट एका क्षणात आहे, कुणी काही बोललं, काही ठेवलं, काही परत केलं, ती बसते. ज्या गोष्टीचा अर्थ दिवसांच्या साचण्यात असतो ती बसत नाही. एका मुलीनं गावाकडून खोलीत राहायला आलेल्या आजीबद्दल लिहिलं होतं. आजी रोज पहाटे तिसरी पाळी सुटताना होणाऱ्या गाड्यांच्या आवाजानं उठते आणि गावी लवकर उठून जे करायची त्यातलं काहीच इथं करायला नसल्यामुळे दारात बसून राहते. महिने जातात. शेवटी एक दिवस ती आवाज होऊनही उठत नाही, झोपूनच राहते, आणि घरातल्या सगळ्यांना बरं वाटतं की आता रुळली. फक्त मुलीला तसं वाटत नाही. हा शेवट आधीच्या कंटाळवाण्या पहाटांवरच उभा आहे. त्या पहाटा दोन केल्या की आजी नुसतीच उशिरा उठलेली दिसते. आम्ही तिघी-चौघींनी मिळून खूप खटपट केली, ३५० च्या खाली ती उतरेना. टेकूंची चौकट काढायला गेलं की सगळ्या गोष्टीभोवतीच चौकट येत होती.

ती गोष्ट अंकात छापली नाही. जिन्याच्या वळणावर आमचं भित्तिपत्रक असतं, तिथं शब्दांचा हिशेब नसतो. मुलीनं ती मोठ्या कार्डशीटवर स्वतःच्या अक्षरात पूर्ण लिहून लावली. किल्ल्याची गोष्ट लिहिणारा मुलगा ती वाचताना मला दिसला. वाचून झाल्यावर त्यानं मला येऊन सांगितलं की यातली दुसरी पहाट काढली तरी चालेल, तिसरी नको.